आधी मेडिकल, आधी पेपर, मग विमानाचे पैसे



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी या जिल्ह्यातल्या तीन पिढ्यांना गणित शिकवलं. मी गेली बरीच वर्षं व्यावसायिक वैमानिक होऊ पाहणाऱ्या मुलामुलींना जमिनीवरचे विषय शिकवतो. विमान उडवायला मी शिकवत नाही. परीक्षेत लागतं ते शिकवतो. त्यामुळे आज बोलणार आहे तेही त्या वर्गातलंच आहे.

आपल्या भंडाऱ्याला विमानाचं आता तेवढं अप्रूप राहिलेलं नाही. १ मे १९९९ला गोंदिया वेगळा जिल्हा झाला, त्याआधी बिरसीची धावपट्टी आपल्याच जिल्ह्यात होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी बांधलेली ती पट्टी अनेक वर्षं तशीच पडून होती. पुढे तिथे मोठा विमानतळ झाला आणि वैमानिक प्रशिक्षण संस्था आली. तुमसर, मोहाडीकडच्या शेतांत रोवणी करणाऱ्या बायांच्या डोक्यावरून शिकाऊ विमानं जाऊ लागली. त्या विमानांकडे पाहत वाढलेली मुलं आज बारावी होऊन आईवडिलांना म्हणतात, मला पायलट व्हायचं आहे. आईवडील मग चौकशी करतात, आणि पहिली चौकशी असते ती फीची. मला ती शेवटी व्हावी असं वाटतं.

व्यावसायिक वैमानिकाचा परवाना म्हणजे सीपीएल. तो देणारं नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, ज्याला आपण सगळे डीजीसीए म्हणतो, मुख्यतः तीन गोष्टी मागतं. शरीर निरोगी असल्याचं प्रमाणपत्र, लेखी परीक्षा आणि प्रत्यक्ष उड्डाणाचे किमान २०० तास. या तिन्हींची किंमत आणि त्यांचा टिकाऊपणा एकमेकांशेजारी मांडून बघा. वैद्यकीय तपासणीला काही हजार रुपये लागतात. लेखी परीक्षेचं शुल्कही हजारांतच असतं. त्यासाठी क्लास लावला तर खर्च वाढतो, तरी तो उड्डाणाच्या जवळपास जात नाही. उड्डाणाला मात्र आज चाळीस-पन्नास लाख आणि त्याहून जास्त लागतात.

आता टिकाऊपणा बघा. लेखी पेपर पास झाले की ते पाच वर्षं चालतात. उड्डाणाचे तास वहीत लिहिलेले राहतात खरे, पण त्यातल्या काही तासांना नियमाने मुदत घातली आहे. विमानाचे प्रमुख वैमानिक म्हणून केलेल्या १०० तासांपैकी किमान १५ तास अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांतले असावे लागतात. रात्रीचं उड्डाण, त्यातली दहा उड्डाणं आणि दहा उतरणी, आणि परीक्षकासमोर द्यायची उड्डाण चाचणी, यांनाही सहा महिन्यांचीच मर्यादा आहे. म्हणजे जे स्वस्त आहे ते टिकतं आणि जे महाग आहे ते लवकर शिळं होतं. माझा सगळा आग्रह या एका उलट्या प्रमाणातून आलेला आहे.

एक उदाहरण सविस्तर घेऊ. लाखनीकडचा एक मुलगा धरा. बारावी झाली, जूनमध्ये वडिलांनी धानाच्या शेतावर कर्ज काढून पहिला मोठा हप्ता भरला. उड्डाण शिकायला सुरुवात करायची तर शिकाऊ वैमानिकाचा परवाना पुरतो आणि त्या परवान्याला क्लास टू मेडिकल पुरतं. ते त्याने केलं. घरच्यांना वाटलं, मेडिकल झालं. पेपर उड्डाणाबरोबर होतील असं ठरलं. सकाळी उड्डाण, दुपारी ऊन आणि थकवा, रात्री पुस्तक. हवामानशास्त्र निघालं. नेव्हिगेशन आणि एअर रेग्युलेशन्स राहिले. पावसाळ्यात विमानं जमिनीवर, तेव्हा अभ्यास होईल म्हणाला, पण त्याच महिन्यांत घरी आला. दीड वर्षाने त्याचे २०० तास पूर्ण झाले, चाचण्याही झाल्या. नेव्हिगेशन मात्र अडलं. या परीक्षेत पास व्हायला ७० टक्के लागतात. ६४ आले तर तो नापासच, आणि पुढच्या परीक्षेची वाट पाहावी लागते.

दोन परीक्षा हुकल्या आणि सहा महिने उलटले. आता पेपर निघाला तरी अर्ज करता येत नाही, कारण शेवटचे १५ तास जुने झाले, रात्रीची उतरणी जुनी झाली आणि चाचणीही जुनी झाली. पुन्हा विमान भाड्याने घ्यायचं. तासाला १५ हजार धरले, तर १५ तासांचे सव्वादोन लाख होतात. रात्रीचे तास त्यातच बसवले तरी सुटलेला हात परत बसवायला प्रशिक्षकाबरोबरचे काही तास वेगळे लागतात, आणि चाचण्यांचा खर्चही वेगळा. वडिलांच्या कर्जाचे हप्ते तर त्या सहा महिन्यांतही चालूच होते. या मुलाला विमान उडवता येत होतं. अडला तो एका पेपरला, आणि तो पेपर त्याला घरी बसून अभ्यास करून, एक रुपयाचंही इंधन न जाळता, आधीच देता आला असता.

तेव्हा क्रम असा ठेवावा: क्लास टू, मग क्लास वन, मग पेपर, मग उड्डाण. यातलं क्लास वन लोक विसरतात, म्हणून त्यावर थोडं थांबतो.

शिकायला क्लास टू चालतं, पण व्यावसायिक परवाना क्लास वनशिवाय मिळत नाही. क्लास टू डीजीसीएने नेमलेले डॉक्टर करतात. रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे, ईसीजी, कान, डोळे हे सगळं पाहून ते अहवाल पुढे पाठवतात आणि तुमच्या नावाची वैद्यकीय फाईल तयार होते. त्यानंतर क्लास वन. पहिल्यांदा करायचं क्लास वन पूर्वी हवाई दलाच्या केंद्रांतच व्हायचं, बंगळुरूची एरोस्पेस मेडिसिन संस्था किंवा दिल्लीचं केंद्र. आता काही नागरी केंद्रांनाही मान्यता मिळाली आहे, तारीख घेण्याआधी डीजीसीएची ताजी यादी पाहावी. ही तपासणी कडक असते. तिथे एखाद्याला तात्पुरतं अनफिट ठरवलं, तर उपचार करून पुन्हा तपासणी होते आणि त्यात महिने जातात. कायमचं अनफिट ठरवलं, तर त्याविरुद्ध अपील करता येतं, पण तोवर भरलेली फी कुठे असते याचा विचार करा.

मागे एका पालकसभेत एका वडिलांनी मला विचारलं होतं, "सर, पोराला चष्मा नाही, कधी आजारी पडत नाही, दोन डोंगर चढून येतो. मग मेडिकलची एवढी घाई कशाला?" प्रश्न रास्त होता. पण वैमानिकाच्या तपासणीत सापडणारे दोष बहुतेक असेच असतात, जे धावणाऱ्या, नांगर धरणाऱ्या, क्रिकेट खेळणाऱ्या पोराला कधी जाणवलेलेच नसतात. चष्म्याची तर सगळ्यांत कमी काळजी करावी. चष्मा लावून दोन्ही डोळ्यांनी मिळून ६/६ दिसत असेल तर चष्मा चालतो. फक्त उडताना दुसरा चष्मा जवळ ठेवावा लागतो. खरी अडचण रंगांची.

वर्गात मी पहिल्या आठवड्यात इशिहाराच्या पाट्या दाखवतो. जपानी डॉक्टर शिनोबू इशिहारा यांनी १९१७ साली काढलेल्या या पाट्यांवर रंगीत ठिपक्यांची गर्दी असते आणि त्या गर्दीत एक आकडा दडलेला असतो. एक पाटी अशी आहे की तुम्हाआम्हाला तिच्यात ७४ दिसतो आणि लाल-हिरव्याचा दोष असलेल्याला तिथेच २१ दिसतो. एकदा एका हुशार, उंचपुऱ्या मुलाने ठाम आवाजात २१ सांगितला. शेजारचा हसला, त्याला वाटलं चेष्टा चालली आहे. मुलाने पुन्हा वाकून पाहिलं आणि पुन्हा २१ म्हणाला. त्याचं काही चुकत नव्हतं, त्याला खरंच २१ दिसत होता. अठरा वर्षांत हे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण पिकलेला टोमॅटो लाल असतो हे त्याला शिकवलेलं होतं आणि सिग्नलवर वरचा दिवा म्हणजे थांबायचं हेही पाठ होतं. हा दोष जन्मजात असतो, बहुतेक आईकडून मुलाकडे येतो आणि आईची दृष्टी मात्र साधारण निर्दोष असते. त्यावर औषध नाही. पाट्या पाठ करून जाण्यात अर्थ नाही, तपासणारे क्रम बदलतात. मोबाईलच्या पडद्यावरही खात्री करू नये, पडद्याचे रंग फसवतात. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे दिवसाच्या उजेडात छापील पाट्यांवर बघावं. पाट्यांवर अडलेल्यांसाठी दिव्यांची वेगळी चाचणी असते. आंतरराष्ट्रीय नियमानुसार, विमानवाहतुकीत लागणारे दिव्यांचे रंग ज्याला ओळखता येतात, त्याला पात्र ठरवता येतं. पण ती चाचणी पार होईल, असं गृहीत धरून पैसे भरू नयेत.

आणि हा नियम जाचक वाटत असेल तर एक घटना सांगतो. २६ जुलै २००२ रोजी अमेरिकेत फ्लोरिडातल्या टॅलाहासी इथे फेडेक्सचं मालवाहू बोईंग ७२७ पहाटे अंधारात उतरत होतं. धावपट्टीच्या कडेला चार दिव्यांची एक ओळ असते. दोन पांढरे आणि दोन लाल दिसले तर उंची बरोबर, चारही लाल दिसले तर विमान धोकादायकरीत्या खाली आलं आहे. हे विमान खाली आलं, धावपट्टीआधीच्या झाडांना धडकलं आणि जळालं. तिघेही जण वाचले. चौकशीत थकवा आणि इतर चुका निघाल्याच, पण सहवैमानिकाच्या रंगदृष्टीतला दोष हेही एक कारण नोंदवलं गेलं. त्याला पूर्वी सवलत देऊन पात्र ठरवलेलं होतं.

कानांबद्दल एवढंच सांगतो. कानाच्या तपासणीत वेगवेगळ्या पट्टीतले सूर हळू आवाजात ऐकवतात आणि जिथे सूर ऐकू यायचा थांबतो तो आकडा नोंदवतात. ५००, १००० आणि २००० हर्ट्झला ३५ डेसिबलपेक्षा जास्त आणि ३००० हर्ट्झला ५० डेसिबलपेक्षा जास्त घट नसावी असा दंडक आहे. लग्नाच्या वरातीत डीजेसमोर नाचणाऱ्या मुलांनी तपासणीच्या आदल्या आठवड्यात तरी तिथे जाऊ नये.

आता आपल्या भागाचा प्रश्न, ज्याच्याविषयी बाहेरच्या शहरांत कुणी बोलत नाही, कारण तिथे तो नाही. सिकलसेल. १९५८ साली नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकल वाहकांबद्दल 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं, तेव्हापासून विदर्भाचा पूर्व भाग या आजाराच्या नकाशावर आहे. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर इथल्या अनेक घरांत कुणी ना कुणी वाहक आहे. १ जुलै २०२३ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं आणि गावोगाव तपासण्या झाल्या. त्यामुळे आज बारावीच्या मुलाकडे 'सिकल पॉझिटिव्ह' असा एक कागद असतो आणि घरात समज असतो की हा आता पायलट होऊ शकत नाही.

हा समज दुरुस्त करायला हवा, आणि नीट समजून दुरुस्त करायला हवा. प्राथमिक आरोग्य केंद्रात जी पहिली चाचणी होते, ती विद्राव्यता चाचणी. रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे एवढंच ती सांगते. माणूस नुसता वाहक आहे की त्याला आजार आहे, हे तिच्यातून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावं लागतं. त्यात एएस पॅटर्न आला तर तो वाहक, एसएस आला तर आजार. एसएसच्या माणसाच्या लालपेशी ऑक्सिजन कमी झाला की विळ्यासारख्या वाकतात, रक्तवाहिन्या तुंबतात आणि वेदनेचे झटके येतात. अशाला वैमानिकाचं प्रमाणपत्र मिळणार नाही आणि मिळूही नये. एएस वाहकाची गोष्ट वेगळी. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परवान्यांविषयीच्या मानकांत सिकल वाहकत्वाबद्दल स्पष्ट म्हटलं आहे की ते साधारणपणे पात्र ठरवण्याच्या आड येत नाही. पूर्वी अशी परिस्थिती नव्हती. अमेरिकेची हवाई दल अकादमी कितीतरी वर्षं वाहकांना घेत नव्हती. न्यायालयीन लढाईनंतर १९८१ साली तिने ते धोरण सोडलं.

म्हणून सिकलचा कागद हाती असेल तर घाबरून घरी बसू नये आणि तो लपवूनही जाऊ नये. तपासणीचा अर्ज भरताना कुटुंबातले आणि स्वतःचे आजार लिहायचे असतात आणि खोटं लिहिलं तर तेच पुढे परवान्याला भोवतं. क्लास टूच्या आधी एचपीएलसीचा अहवाल करून ठेवावा, त्यावर पॅटर्न आणि हिमोग्लोबिनचं प्रमाण दोन्ही असावं, आणि तो डॉक्टरांपुढे ठेवावा. एक बारकावा मुलींच्या आयांसाठी सांगतो. मुलीचं हिमोग्लोबिन कमी निघालं की "सिकल आहे ना, म्हणून" असं म्हणून विषय संपवतात. नुसत्या एएस पॅटर्नमुळे रक्त कमी होत नाही. कमी असेल तर लोहाची कमतरता, जंत, पाळीतला जास्त रक्तस्राव अशी दुसरी कारणं शोधावी. त्यांतली बहुतेक दोन-तीन महिन्यांच्या उपचाराने बरी होतात. तपासणीच्या तारखेआधी हे महिने मिळाले तर मुलगी सरळ पात्र होते. फी भरून, उड्डाणाची तारीख घेऊन मग हे कळलं तर तेच महिने वाया जातात.

आता पेपर. मुख्य विषय तीन: एअर नेव्हिगेशन, हवामानशास्त्र आणि एअर रेग्युलेशन्स. त्याखेरीज तांत्रिक विषयाचे दोन पेपर, एक सर्वसाधारण आणि एक तुम्ही ज्या जातीचं विमान उडवणार त्याचा. हा शेवटचा पेपर शाळा ठरल्यावरच द्यायचा, कारण कोणती शाळा कोणतं विमान वापरते हे आधी कळत नाही. बाकीचे चारही आधी देता येतात. रेडिओवर बोलण्याचा परवाना वेगळा. तो पूर्वी दूरसंचार विभागाकडे होता, भारतीय वायुयान अधिनियम २०२४मुळे तो विषयही डीजीसीएकडे आला आहे.

नेव्हिगेशन सर्वांत जास्त मुलांना अडवतं, म्हणून त्यातलं एकच गणित इथे सोडवून दाखवतो. बिरसीहून नागपूरला जायचं आहे. नकाशावर रेघ मारली की दिशा साधारण २५० अंश येते, म्हणजे पश्चिमेकडून थोडी दक्षिणेला, आणि अंतर ७४ नॉटिकल मैल, सुमारे १३७ किलोमीटर. ही रेघ वैनगंगा ओलांडून मोहाडीवरून जाते. विमानाचा हवेतला वेग १०० नॉट. वारा नसेल तर ४४ मिनिटांत नागपूर. पण वारा ३१० अंशांकडून २० नॉटने वाहतो आहे, म्हणजे वायव्येकडून, उजव्या बाजूने, आपल्या रेघेशी ६० अंशांचा कोन करून.

वाऱ्याचे दोन भाग करा. ६० अंशांचा साइन घेतला की उजवीकडून येणारा भाग १७ नॉटच्या थोडा वर. कोसाइन घेतला की समोरून येणारा भाग १० नॉट. उजवीकडच्या १७ नॉटना तोंड द्यायला नाक उजवीकडे किती वळवायचं? १७ भागिले १००, त्याचा कोन सुमारे १० अंश. म्हणून होकायंत्रावर २५० नाही, २६० धरायचं. १० अंश वळल्यामुळे रेघेच्या दिशेने उरतात साडेअठ्ठ्याण्णव नॉट, त्यातून समोरचे १० वजा, म्हणजे जमिनीवरचा वेग साधारण साडेअठ्ठ्याऐंशी नॉट. वेळ ५० मिनिटं. वाऱ्याने सहा मिनिटं खाल्ली आणि सहा मिनिटांचं इंधनही.

समजा हे गणित केलंच नाही आणि २५० धरून सरळ निघालो. विमान सरळच चाललं आहे असं वाटत राहील, पण वारा त्याला डावीकडे ढकलत राहील. पाऊण तासाच्या वर उडून खाली पाहाल तर नागपूर विमानतळ नसेल. तुम्ही तिथून सुमारे १४ नॉटिकल मैल, २६ किलोमीटर दूर, बुटीबोरी आणि उमरेड यांच्यामधल्या शेतांवर असाल. हिवाळ्यातल्या धुरकट हवेत २६ किलोमीटरवरची धावपट्टी दिसत नाही.

परीक्षेत हे गणित मुलं गोल चकतीवर सोडवतात. चकती फिरवून वाऱ्याची दिशा वर आणायची, पेन्सिलने एक बारीक ठिपका द्यायचा, मग चकती रेघेच्या दिशेला फिरवायची आणि ठिपका मध्यरेषेपासून किती सरकला ते वाचायचं. इथे नेहमी होणारी चूक मी सांगतो. हवामान खातं वारा कुठून येतो ते सांगतं आणि मुलं तो कुठे जातो असं धरतात. ठिपका मध्याच्या उलट बाजूला पडतो, उत्तर २६०च्या जागी २४० येतं आणि पर्यायांत २४० हमखास दिलेलं असतं. पर्यायांत सापडलं म्हणून मुलगा खूश होऊन पुढे जातो. याची ओळख सोपी आहे. वारा उजवीकडून येतो आहे, तर नाक उजवीकडेच वळलं पाहिजे, म्हणजे आकडा वाढलाच पाहिजे. चकतीला हात लावण्याआधी हातानेच कागदावर बाण काढायची सवय असली की ही चूक होत नाही. तीच सवय विमानातही उपयोगी पडते. जमिनीवर टेबलाशी बसून ज्याला वाऱ्याचा त्रिकोण डोळ्यांसमोर उभा करता येतो, त्याचा विमानातला पहिला लांबचा प्रवास शिकण्यात जातो. ज्याला येत नाही त्याचा तो प्रवास गोंधळण्यात जातो, आणि त्या तासाचेही १५ हजार लागतातच. पेपर आधी द्यावे म्हणतो त्याचं हेही एक कारण आहे: पेपर झालेला मुलगा विमानातला तासही जास्त वसूल करतो.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. परीक्षेला बसण्याआधी संगणक क्रमांक काढावा लागतो आणि त्यासाठी दहावी-बारावीच्या गुणपत्रिका मंडळाकडून पडताळून घ्याव्या लागतात. भौतिकशास्त्र आणि गणित हे बारावीचे विषय मागतात. ते नसलेली मुलं मुक्त विद्यालयातून हे दोन विषय देऊन येतात, तीही वाट बंद नाही. आपल्याकडे मेख असते ती नावाची. महाराष्ट्राच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर क्रम वेगळा, पासपोर्टवर वडिलांचं नाव गळलेलं, एखाद्या ठिकाणी इंग्रजी स्पेलिंगच दुसरं. परवान्यापर्यंत हे नाव एकच राहावं लागतं. बारावीच्या निकालाची वाट न पाहता दहावीची गुणपत्रिका, आधार आणि पासपोर्ट शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवून घ्या. दुरुस्तीला लागणारे आठवडे तेव्हा कुणाला जड जात नाहीत.

आता साकोलीच्या एका मुलीचं वेळापत्रक मनात धरा. बारावीची परीक्षा मार्चमध्ये संपली. एप्रिलमध्ये एचपीएलसी आणि डोळ्यांची तपासणी. मेमध्ये क्लास टू. तिथून सहा महिन्यांत क्लास वनचा निकाल हातात येईल असं धरा, कदाचित आधीही येईल. दरम्यान जूनपासून ग्राउंड क्लास. नागपूरला खोली करून राहिली तरी महिन्याचा खर्च काही हजारांचा. पहिल्या परीक्षेला रेग्युलेशन्स आणि हवामानशास्त्र, दुसरीला नेव्हिगेशन आणि तांत्रिक सर्वसाधारण. पुढच्या वर्षीच्या वसंतात तिच्या हातात क्लास वन आणि चार पेपर असतील. क्लास वन वर्षाला नवं करावं लागतं, तो खर्च धरूनही सगळं मिळून दोन-तीन लाखांच्या आत बसतं. मग ती उड्डाणाच्या शाळेत जाते. तिथे ती विमानं किती, चालू स्थितीत किती, मागच्या वर्षी एका मुलाला २०० तासांना किती महिने लागले, हे विचारते आणि एकरकमी फी न भरता तासांप्रमाणे हप्ते मागते. चार पेपर काढून आलेल्या मुलीचं म्हणणं शाळा ऐकून घेते.

आणि क्लास वन नाही आलं तर? तर ती बातमी तिच्या घरी कर्ज काढण्याआधी पोहोचते. तिथून पुढे रस्ते आहेत, पण तेही नीट पाहून निवडावे. नेव्हिगेशन आणि हवामानशास्त्र शिकलेल्या विज्ञान पदवीधराला हवाई वाहतूक नियंत्रकाची भरती खुली असते. मात्र नियंत्रकालाही वैद्यकीय तपासणी आहे आणि रंगदृष्टी तिथेही पाहतात. रंगांवर अडलेल्या मुलाला मी तो रस्ता सांगत नाही. विमानांच्या देखभालीचं शिक्षण वेगळं आहे. नागपूरच्या मिहानमध्ये बोईंगच्या मदतीने उभं राहिलेलं देखभाल केंद्र २०१५ साली सुरू झालं आणि आपल्या भागातली मुलं तिथे काम करतात. त्या मुलाने, ज्याला पाटीवर २१ दिसला होता, वेगळंच काम निवडलं. तो आज विमान कंपनीत उड्डाणांच्या वेळापत्रकाच्या विभागात आहे. त्याच्या वडिलांनी उड्डाणासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतला एकही रुपया खर्च झाला नव्हता. त्यातून त्याचं पदवीचं शिक्षण झालं आणि धाकट्या बहिणीचंही.